शेफ बोटीवर चालला, पत्र मी लिहिलं

पणजीत रेस्टॉरंट चालवायचं तर दर पावसाळ्यात आपलं एखादं माणूस बोटीवर जाणार हे धरूनच चालावं लागतं. मे संपता संपता सीझन आटोपतो, टेबलं रिकामी पडतात, पोरांना विचार करायला वेळ मिळतो. कुणाचा चुलतभाऊ क्रूझवर असतो, कुणाच्या शेजाऱ्याने डॉलरवर स्लॅब टाकलेला असतो. बार्देश-साष्टीत तर घरटी एखादा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, निघेल. आता सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची पोरंही त्याच वाटेला लागली आहेत. मग कधीतरी दुपारच्या ब्रेकमध्ये कुणीतरी माझ्या टेबलासमोर उभं राहतं आणि एक लेटर मागतं.

या खेपेला आला तो आमचा सीडीपी, म्हणजे गरम सेक्शन एकट्याने सांभाळणारा शेफ. वेंगुर्ल्याचा. "मॅडम, माका बोटीर जावचा हा," एवढं बोलून त्याने एक कागद पुढे केला. सायबरमधून टाईप करून आणलेला तयार मजकूर होता, मी फक्त सही-शिक्का करायचा. त्यात तो 'हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर' होता आणि हुद्द्याच्या जागी लिहिलं होतं 'सू शेफ'.

मी तो कागद बाजूला ठेवला. तो खोटं बोलत होता असं नाही, त्याला कुणीतरी सांगितलं होतं की वरचा हुद्दा लिहिला की बोटीवर वरची जागा मिळते. प्रत्यक्षात उलटं होतं. किनाऱ्यावरचा सीडीपी बोटीवर बहुधा एक-दोन पायऱ्या खालीच घेतला जातो, कॉमी, म्हणजे शिकाऊ शेफ, किंवा असिस्टंट कुक म्हणून, आणि दुसऱ्या-तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टला वर चढतो. बरं, पगाराच्या स्लिपवर एक हुद्दा आणि पत्रात दुसरा दिसला तर पत्राच्या बाकीच्या ओळींचीही किंमत जाते. ट्रेड टेस्ट घेणारा शेफ 'सू शेफ' वाचून स्टाफचं वेळापत्रक, फूड कॉस्ट, इंडेंट यांवर प्रश्न विचारणार. आमचा गडी तिथे गप्प बसला असता. तेच 'गरम सेक्शन, शनिवारी रात्री 120 कव्हर्स' असं लिहिलं तर तो त्या विषयावर अर्धा तास सहज बोलेल.

अशी पत्रं वाचतो कोण, हे आधी लक्षात घ्यायला हवं. पहिल्यांदा मुंबईच्या एजन्सीतला माणूस, जो दिवसभर असलेच गठ्ठे चाळतो. त्याच्यानंतर कधीकधी कंपनीचा शेफ, जो स्वतः कित्येक वर्षं बोटीवर राबलेला असतो. दोघांनाही ठाऊक असतं की खोटी अनुभवपत्रं विकत मिळतात. त्यामुळे मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ हे शब्द त्यांच्या डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यांना एवढंच बघायचं असतं की लिहिणाऱ्याने या माणसाला खरंच काम करताना पाहिलंय का, आणि जे पाहिलं ते आमच्या उपयोगाचं आहे का.

जुन्या तारवट्यांच्या वेळी हे सगळं फार थोडक्यात व्हायचं. गोव्याचे कुक आणि स्टुअर्ड ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर असत. एक बोट सोडून दुसरी मिळेपर्यंत मुंबईत धोबीतलावच्या गावकुडांत, म्हणजे आपापल्या गावाच्या वसतिगृहांत, मुक्काम. ब्रिटिश खलाशांच्या डिस्चार्ज बुकात प्रत्येक सफरीनंतर दोन शेरे पडत, एक कामाबद्दल आणि एक वागणुकीबद्दल. दोन्हीकडे 'व्हेरी गुड'चा शिक्का असला की झालं. वाईट शेरा मात्र कुणी 'वाईट' म्हणून लिहीत नसे. त्या जागी 'डिक्लाइन टू रिपोर्ट' असं यायचं, म्हणजे मत देण्यास नकार. पुढच्या बोटीवाल्याला तेवढं पुरायचं. पत्र लिहिताना मला हे नेहमी आठवतं, कारण अनुभवी वाचक आजही न लिहिलेल्या गोष्टीच आधी शोधतो. गोडगोड पत्रात स्वच्छतेचा शब्दही नसेल तर त्याच्या भुवया वर जातात.

आता मुख्य अडचण. रेस्टॉरंटमध्ये ज्या गुणांसाठी आपण शेफला डोक्यावर घेतो, त्यातले निम्मे बोटीवर दोष ठरतात. कोथिंबीर संपली तर वेळ मारून नेणारा, हाताच्या अंदाजाने मीठ टाकणारा, गिऱ्हाईक ओळखीचं म्हणून ताटात काहीतरी जास्तीचं वाढणारा शेफ आमच्याकडे हिरो असतो. बोटीवर हजारो माणसांचं जेवण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाचं, ठरलेल्या चेहऱ्याचं बाहेर पडतं. सहाच्या पंगतीला जे ताट गेलं तेच साडेआठच्या पंगतीला जायला हवं. शिवाय तिथे काही बिघडलं तर शेजारच्या मेडिकलमधून गोळी आणता येत नाही. म्हणून मी ठरवलं की त्याच्या हाताच्या चवीबद्दल एकच ओळ लिहायची आणि बाकी पत्र दुसऱ्याच गोष्टींवर खर्च करायचं.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे शाकुती गार करणं. हसू येईल, पण पत्रातला सगळ्यात मोठा परिच्छेद याच्यावरच आहे.

अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या प्रवासी बोटींच्या किचनची तिथलं सार्वजनिक आरोग्य खातं अचानक तपासणी करतं. बोटीवरची पोरं त्याला 'यूएसपीएच' म्हणतात आणि त्या नावाने एक्झिक्युटिव्ह शेफसुद्धा घामाघूम होतो. शंभरपैकी गुण मिळतात, 85 किंवा त्याहून कमी पडले की नापास, आणि निकाल सगळ्या जगाला वाचता येतो. त्या नियमांतला एक असा: शिजवलेला पदार्थ गार करून ठेवायचा असेल तर 57 अंश सेल्सिअसवरून दोन तासांत 21 अंशांवर आला पाहिजे आणि तिथून पुढच्या चार तासांत 5 अंशांवर. नुसतं "गार केलं" म्हणून भागत नाही, वेळ आणि तापमान लिहून ठेवावं लागतं.

याचं कारण साधं आहे. मटण-चिकनच्या रश्शात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जंतूचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत. रस्सा कोमट झाला की ते जागे होतात आणि मोठं पातेलं सावकाश निवत राहिलं तर त्यांना तासन्‌तास मोकळं रान मिळतं. वरून पातेलं गार लागतं, मध्ये मात्र कोमटच असतं.

आणि आता गोव्यातला मे महिना डोळ्यांसमोर आणा. किचनमध्ये पस्तीस अंश सहज असतात. ओट्यावर ठेवलेलं पातेलं दोन तासांत काय, दोन दिवसांतही 21 अंशांवर यायचं नाही. हवाच तेवढी गार नाही! तरीही बहुतेक किचनांत पातेलं ओट्यावर 'निवायला' ठेवतात आणि रात्री निघताना तसंच कोमट वॉक-इनमध्ये, म्हणजे खोलीएवढ्या फ्रिजमध्ये, ढकलतात. त्याने वॉक-इन तापतं ते वेगळंच, शेजारचं दूधही धोक्यात येतं.

आमचा शेफ काय करायचा ते मी रोज बघत होते. वीस लिटर शाकुतीचा रस्सा आधी उथळ ट्रेमध्ये काढायचा, चार बोटं खोलीपेक्षा जास्त नाही. मोठ्या सिंकमध्ये बर्फ आणि पाणी, त्यात ट्रे, आणि पळीने अधूनमधून ढवळणं, कारण न ढवळता कडा गार होतात आणि मधला भाग तसाच राहतो. थर्मामीटरचा प्रोब मध्यभागी बुडवून आकडा बघायचा, प्रत्येक वेळी प्रोब पुसून. दुपारी तीनला 57 असेल तर पाचच्या आत 21. तिथवर पोचलं की झाकण अर्धवट ठेवून वॉक-इनमध्ये, आणि रात्री नऊच्या आत 5. बर्फ संपला तर तो त्या दिवशी रस्सा कमी करायचा, पद्धत नाही सोडायची. हे त्याला कुणी बोटीसाठी शिकवलं नव्हतं. आमच्या आधीच्या हेड शेफने घालून दिलेली शिस्त, इतर पोरांनी सोडली, याने धरून ठेवली.

बोटीवर याच कामाला ब्लास्ट चिलर असतो, बर्फाचं सिंक नव्हे. तरी पत्रात मी हे तपशिलात लिहिलं, कारण यंत्र शिकायला एक दिवस लागतो आणि कुणी बघत नसताना प्रोब बुडवण्याची सवय लागायला वर्षं जातात.

दुसरी गोष्ट त्याचं लॉगबुक. खोटं लॉगबुक लांबून ओळखता येतं. महिनाभर एकच पेन, एकच अक्षर, फ्रिजचं तापमान सकाळ-दुपार-रात्र 4, 4, 4. असा फ्रिज जगात नाही. ते पान शनिवारी रात्री बसून एका दमात भरलेलं असतं. आमच्या शेफच्या पानांवर मात्र मळकट डाग होते, अक्षर घाईचं होतं, आणि मधेच एखादा '8' असायचा. त्याच्यापुढे लिहिलेलं असायचं: 'दरवाज्याचं रबर सुटलंय. मासे दुसऱ्या फ्रिजला हलवले. मॅडमना सांगितलं.' मला हे '8' फार आवडतात. आकडा बिघडला, तो लपवला नाही, त्यावर काय केलं ते लिहिलं आणि वर कळवलं. तपासणीला येणाऱ्याला हेच बघायचं असतं. पत्रात मी स्पष्ट लिहिलं की याच्या नोंदींत चुकलेले आकडेही आहेत आणि त्यांच्यापुढे केलेले उपायही आहेत, मागाल तर पानं पाठवते.

तिसरी गोष्ट मी लिहू की नको या विचारात होते, पण लिहिली. एका डिसेंबरात, ऐन गर्दीत, त्याचं पोट बिघडलं. आपल्याकडे अशा वेळी शेफ काय करतो? दोन गोळ्या घेतो आणि कामावर येतो, कारण न येणं म्हणजे भित्रेपणा. याने सकाळीच फोन केला, "जुलाब लागलेत, किचनात येत नाही." मी वैतागले होते, खोटं कशाला सांगू, त्या रात्री गरम सेक्शनवर मी स्वतः ऑर्डरी ओरडत उभी होते. पण बोटीवर हाच नियम आहे. नोरोव्हायरसची लागण एका कुकपासून शेकडो प्रवाशांपर्यंत जाऊ शकते. म्हणून त्याच अमेरिकन नियमांत अन्न हाताळणाऱ्याला उलट्या-जुलाब थांबल्यावरही किमान 48 तास वेगळं ठेवायला सांगितलंय. दुखणं लपवून कामावर आलेला कुक घरी पाठवला जाऊ शकतो. म्हणून पत्रात ओळ आली: आजारी असताना त्याने स्वतःहून कळवलं आणि पूर्ण बरा झाल्यावरच किचनमध्ये आला. आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही ही ओळ साधी वाटणार नाही.

राहण्याबद्दल एक वाक्य टाकलं, तेही मुद्दाम. बोटीवर केबिन दोघांत किंवा जास्त जणांत असते, कॉन्ट्रॅक्ट सहा ते नऊ महिन्यांचं, आणि आठवड्याची सुट्टी नावाची गोष्ट नसते. आंतरराष्ट्रीय नियमाने दिवसाला किमान दहा तास आणि आठवड्याला 77 तास विश्रांती द्यावी लागते, पण ती विश्रांतीसुद्धा त्याच लोखंडी भिंतींत. आमचा शेफ स्टाफ रूममध्ये आसामचा एक, नेपाळचे दोन आणि कारवारचा एक अशांबरोबर राहिला. पंख्यावरून, मोबाइलच्या आवाजावरून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून तिथे रोज भांडणं होतात. याची तक्रार माझ्यापर्यंत कधी आली नाही आणि याच्याविरुद्धही आली नाही. तेवढंच लिहिलं.

मग दोष. पत्रात एकही दोष नसेल तर मी तरी ते पत्र गंभीरपणे घेत नाही. त्याच्या बाबतीत दोन गोष्टी होत्या. बेकरीत त्याने कधी काम केलेलं नाही, कणीक आणि यीस्ट त्याला वश नाही. हे लिहिण्यात त्याचाच फायदा, नाहीतर जागा भरायला त्याला पहाटे तीनच्या ब्रेड शिफ्टला टाकलं असतं. दुसरी जरा नाजूक. आम्ही रेसिपी कार्ड आणि वजनकाटा सुरू केला तेव्हा त्याने बराच वाद घातला. "आमच्या आवशीन कधी काटो बघूक नाय," हे त्याचं ठरलेलं उत्तर. नंतर एकदा दोन दिवसांच्या शाकुतीच्या वाट्या शेजारी ठेवून चाखल्या, तेव्हा तो गप्प झाला आणि काटा वापरायला लागला. मी लिहिलं की नवी पद्धत तो कारण विचारल्याशिवाय स्वीकारत नाही, पटली की सोडत नाही.

पत्र पाठवायच्या आधी त्याला वाचून दाखवलं. या ओळीवर तो अडला. "मॅडम, ह्या कशाक लिवलात?" मी म्हटलं, बाकीचं सगळं खरं वाटावं म्हणून. त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. बरोबर आहे, नोकरी त्याची जाणार होती, माझी नाही.

काही गोष्टी मी लिहिल्या नाहीत. तो दारू पितो की नाही, हे त्याने सायबरच्या मजकुरात 'टीटोटलर' म्हणून घातलं होतं. बोटीवर कंपन्या न सांगता श्वासाची तपासणी करतात, म्हणून तो शब्द सगळेच घालतात. पण त्याच्या सुट्टीच्या संध्याकाळी मी त्याच्याबरोबर नसते. मी लिहिलं की कामावर तो कधी पिऊन आलेला मी पाहिला नाही. समुद्र त्याला लागतो की नाही, घरची आठवण सोसेल की नाही, हेही माझ्या हातात नाही. गॅसच्या भट्टीवर वाढलेला माणूस विजेच्या प्लेटवर कसा करेल यावर मात्र लिहिता आलं, कारण बहुतेक प्रवासी बोटींच्या गॅलीत, म्हणजे किचनमध्ये, आगीच्या भीतीने उघडी ज्योत नसते, आणि आमच्या बँक्वेटला इंडक्शन आणि कॉम्बी ओव्हन आहे. तिथे त्याने दोन सीझन काम केलंय.

बाकी कोरडा भाग सगळ्यांना ठाऊक असतोच: लेटरहेड, ऑक्टोबर 2021 ते जून 2025 अशा नेमक्या तारखा, ज्या त्याच्या पीएफच्या नोंदीशी जुळल्या पाहिजेत, माझं नाव, हुद्दा, आणि जो उचलला जातो असा फोन नंबर. मोबाइल नंबरच्या जोडीला रेस्टॉरंटचा ईमेल द्यावा. फुकटच्या ईमेलवरून आलेल्या पत्रावर एजन्सीवाले लगेच संशय घेतात.

पत्राच्या बाहेरची एकच गोष्ट मी त्याला बजावली. एजंटने 'जागा पक्की करायला' लाखभर रुपये मागितले होते. जागतिक सागरी कामगार करारानुसार नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. मेडिकल, पासपोर्ट आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, एवढाच खर्च त्याने करायचा. भारतात अशा एजन्सीला नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो आणि परवान्याचा नंबर महासंचालनालयाच्या साईटवर तपासता येतो. आम्ही तपासला. तो नंबर तिथे नव्हता. मग दुसरी एजन्सी शोधली, जिने पैशाचं नाव काढलं नाही, पण पत्रावर मात्र फोन केला.

फोनवरचा माणूस स्वतः कधीकाळी गॅलीत राबलेला असावा. तारखा विचारल्या, लॉगबुकची दोन पानं व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली, ती बघून म्हणाला, "हे '8' त्यानेच लिहिलंय?" मी हो म्हटलं. मग विचारलं, परत आला तर घ्याल का. घेईन म्हटलं, आणि पगार वाढवून घेईन. शेवटी तो त्या ओळीवर आलाच.

"वाद घालतो असं लिहिलंय. अजून घालतो?"

"कारण विचारतो. सांगितलं की करतो."

"आमच्याकडे प्रत्येक कार्डावर ताटाचा फोटो असतो. विचारायला फारसं काही उरत नाही. बेकरी नको ना त्याला?"

"नको."

त्याला थर्ड कुक म्हणून घेतलं, गरम गॅलीत, सूप आणि सॉसच्या सेक्शनला. सू शेफ नाही. पगार मात्र आमच्या सू शेफपेक्षा जास्त आहे, हे मी इथल्या सू शेफला अजून सांगितलेलं नाही.